९९ टक्के व्हॅर कशाची हमी देत नाही

खराडी-हिंजवडीच्या रिस्क विभागांत नव्याने रुजू झालेल्यांनी व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘व्हॅर’बद्दल विचारलेले हे प्रश्न. पहिल्या दोन उत्तरांत आणि शेवटच्या उत्तरात हिशेबासाठी एकच काल्पनिक पोर्टफोलिओ धरला आहे: निफ्टीच्या चालीने चालणारे १० कोटी रुपये.

‘सर, आमच्या रिपोर्टमध्ये एका दिवसाचा ९९ टक्के व्हॅर २५ लाख आहे. मॅनेजरना “जास्तीत जास्त २५ लाख जातील” असं सांगितलं तर चालेल ना?’

नाही चालणार. शंभरातल्या साधारण ९९ दिवशी तोटा २५ लाखांच्या आत राहील, एवढंच तो आकडा म्हणतो. तेही मॉडेल बरोबर असेल तर. उरलेल्या दिवशी किती जाईल, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हे शीटवरच करून बघा. हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये गेल्या २५० व्यवहार-दिवसांतले बाजाराचे चढउतार आजच्या पोझिशनला लावायचे आणि आलेले तोटे मोठ्यापासून लहानाकडे मांडायचे. २५०चा एक टक्का अडीच. कुणी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला आकडा घेतं, आपण सरळ तिसरा घेऊ. समजा, यादीच्या डोक्यावर ५९ लाख, ३१ लाख, २५ लाख, २३ लाख असे तोटे आहेत. व्हॅर झाला २५ लाख. यातले ५९ लाख ४ जून २०२४चे, लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला तेव्हाचे.

आता ते ५९ खोडून तिथे १ कोटी ३० लाख टाका. हा आकडाही हवेतला नाही. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला होता. पुन्हा क्रम लावा. तिसऱ्या जागी अजूनही २५ लाखच! सगळ्यात वाईट दिवस दुपटीहून वाईट झाला आणि रिपोर्टमधला आकडा एका रुपयानेही हलला नाही. त्याऐवजी पहिल्या तीन तोट्यांची सरासरी काढा: आधी ३८ लाख, नंतर ६२ लाख. हाच एक्सपेक्टेड शॉर्टफॉल. बाझलच्या नव्या बाजार-जोखीम नियमांनी भांडवलाच्या हिशेबात व्हॅर सोडून ९७.५ टक्क्यांचा एक्सपेक्टेड शॉर्टफॉल घेतला, तो याच कारणाने. मॅनेजरना दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या.

‘वर्षाला दोन-तीनदाच तोटा व्हॅरच्या वर जायला हवा ना? आमच्याकडे एकाच आठवड्यात तीनदा गेला. मॉडेल बिघडलं का?’

नुसता आकडा बघितला तर काहीच झालेलं नाही. बाझलच्या पट्ट्यांत २५० दिवसांत चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा आणि दहापासून लाल. मॉडेल अगदी बरोबर असलं तरी पाच किंवा अधिक वेळा मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते.

माझा आक्षेप ‘एकाच आठवड्यात’ला आहे. ते तीन दिवस वर्षभर विखुरलेले राहतील, असं व्हॅरने कधीच कबूल केलेलं नाही. पण एका ठिकाणी गोळा झाले, तर बाजार खवळला आणि मॉडेल मागे राहिलं, असा संशय घ्यावा. २५० दिवसांना सारखंच वजन दिलं, की शांत वर्षाचे दिवस नव्या वादळी दिवसांना दाबून ठेवतात. त्यामुळे बॅकटेस्टमध्ये नुसती संख्या लिहू नका, तारखाही लिहा.

याची उलटी बाजूही आहे. ५९ लाखांचा दिवस २५० दिवसांच्या खिडकीबाहेर गेला, की वरच्या यादीत तिसऱ्या जागी २३ लाख येतात. पोझिशनला कुणी हात लावलेला नसतो, तरी ‘जोखीम कमी झाली’ म्हणून मेल फिरते. व्हॅर घटला की आधी बघा: पोझिशन बदलली, की खिडकी?

‘दोन ट्रेडर्सचा व्हॅर वेगवेगळा काढला तर जवळपास शून्य, एकत्र काढला तर १ कोटी. सिस्टिमची चूक आहे का?’

चूक असेलच असं नाही. दोघांनीही बाजारभावापासून फार लांबचे ऑप्शन विकलेत का, ते आधी विचारा. समजा, प्रत्येकाला १ कोटीचा फटका बसण्याची शक्यता ०.८ टक्के आहे आणि एरवी दोघं थोडा प्रीमियम खिशात टाकतात. एकेकट्याची शक्यता एक टक्क्याच्या खाली, म्हणून ९९ टक्के व्हॅरला ती दिसतच नाही. दोन्ही फटके एकमेकांशी संबंधित नसतील, तर निदान एक बसण्याची शक्यता जवळपास १.६ टक्के होते. रेषा ओलांडली, आकडा उघडा पडला. काळजी करायची ती वेगवेगळ्या शून्यांची. अशा पोझिशनवर निफ्टी १३ टक्के पाडून तोटा काढा.

‘दहा दिवसांचा व्हॅर हवा म्हणून १०च्या वर्गमुळाने गुणलं. ७९ लाख आले. बरोबर?’

गणित बरोबर. पण एका दिवसाची चाल दुसऱ्याशी संबंधित नाही, चढउतारांची तीव्रता सारखी राहते आणि पोझिशन दहाही दिवस तीच आहे, हे सगळं त्यात गृहीत आहे. साध्या शेअर्सना कामचलाऊ म्हणून ठीक. विकलेल्या ऑप्शनला मात्र हे लावू नका. भाव स्ट्राइककडे सरकेल तसा तोट्याचा वेग वाढत जातो. तिथे थेट दहा दिवसांची चाल लावून पोझिशनची किंमत नव्याने काढावी लागते.