सपोर्ट ‘फ्री’ लिहिला म्हणून सगळा महसूल मार्चमध्ये येत नाही

प्रश्न: एकाच करारात सॉफ्टवेअर, इन्स्टॉलेशन आणि वर्षभराचा सपोर्ट विकलाय. बिल पूर्ण रकमेचं झालं, सपोर्ट फ्री दाखवलाय. सगळा महसूल यंदाच धरायचा का?

नाही. आणि ‘फ्री’ हे कारण तर अजिबात चालणार नाही.

पणजीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब मी बघायचे. त्यांनी कळंगुटच्या एका हॉटेलला बुकिंग-बिलिंगचं सॉफ्टवेअर जीएसटी सोडून १२ लाखांना दिलं. इन्स्टॉलेशन डिसेंबरात आटोपलं, १ जानेवारीपासून वापर आणि सपोर्ट सुरू. बिलावर सॉफ्टवेअर ११ लाख, इन्स्टॉलेशन १ लाख, सपोर्टसमोर शून्य. बँकेत कॅश क्रेडिटचं नूतनीकरण तोंडावर होतं, म्हणून मालकांना सगळे १२ लाख मार्चअखेर हवे होते. “मॅडम, फुकट दिलेल्याचा कसला हिशेब मांडता?”

मी त्यांच्याच कराराचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. ‘दुसऱ्या वर्षापासून एएमसी साडेचार लाख.’ एएमसी म्हणजे हाच वर्षभराचा सपोर्ट. जी गोष्ट पुढच्या वर्षी साडेचार लाखांना विकणार, ती यंदा शून्य किमतीची कशी? महसूल कधी धरायचा हे सांगणारं हिशेबाचं मानक, इंड एएस ११५, बिलावरची विभागणी बघत नाही, प्रत्येक गोष्ट सुटी विकली तर काय भाव येतो ते बघतं. त्यांच्या दरपत्रकात सॉफ्टवेअर ९ लाख, इन्स्टॉलेशन दीड लाख. एएमसी धरून बेरीज १५ लाख आणि करार १२ लाखांचा, म्हणजे सवलत २० टक्के. ती तिघांवर सारख्याच टक्क्यांनी लावली की सॉफ्टवेअर ७.२ लाख, इन्स्टॉलेशन १.२ लाख, सपोर्ट ३.६ लाख. सपोर्टचे महिन्याला ३० हजार, मार्चपर्यंत ९० हजार. त्या वर्षाचा महसूल ९.३ लाख. उरलेले २.७ लाख ताळेबंदात देण्यांच्या बाजूला.

मी नफा अडवला असं ते अजून म्हणतात. मग रात्री हॉटेलचं चेक-इन अटकलं की फोन उचलणाऱ्या मुलाचा एप्रिल ते डिसेंबरचा पगार कोणत्या उत्पन्नासमोर मांडणार होते?

तुमच्या करारात इन्स्टॉलेशन नीट तपासा. तेच काम बाहेरचा माणूसही करू शकत असेल तर ते वेगळं धरा. पण तुमच्या लोकांनी कोडमध्ये मोठे बदल केल्याशिवाय ग्राहकाला हवं ते सॉफ्टवेअर मिळतच नसेल, तर सॉफ्टवेअर आणि इन्स्टॉलेशन मिळून एकच काम. नुसती लायसन्स-की दिली म्हणून ७.२ लाख धरता येणार नाहीत. आणि लायसन्स-की २८ मार्चला दिली पण वापराचा हक्क १ एप्रिलपासून असेल, तर सॉफ्टवेअरचा यंदाचा महसूल शून्य.

हे सगळं ग्राहकाच्या सर्व्हरवर बसवलेल्या, कायमच्या लायसन्सबद्दल. क्लाउडवरून वापरायला दिलं असेल तर सॉफ्टवेअरचे पैसेही साधारणपणे महिन्यागणिक येतात. कंपनी लहान असेल तर तुम्हाला इंड एएस ११५ऐवजी एएस ९ हे मानक लागू असेल. त्यात असं वाटप सांगितलेलं नाही, तरी न दिलेल्या सपोर्टचे पैसे मी तिथेही पुढे ढकलते. जीएसटी मात्र बिलाप्रमाणे पूर्ण भरायचा, त्याचा या वाटपाशी संबंध नाही.