इमर्जन्सी शॉवरला अर्ध्या इंचाची लाइन पुरेल का?

प्रश्न: लॅबमध्ये शॉवर आणि आयवॉशचं एकत्र युनिट बसवायचंय. जवळून अर्धा इंची पाण्याची लाइन जाते, तिलाच जोडलं तर चालेल का? पाणी कोमटच लागतं का, आणि खाली ड्रेन हवाच का?

उत्तर:

अर्धा इंची लाइनवर फक्त आयवॉश चालेल, शॉवर नाही. एएनएसआय झेड 358.1 या मानकानुसार शॉवरला मिनिटाला सुमारे 76 लिटर पाणी सलग 15 मिनिटं मिळायला हवं. एवढं पाणी अर्धा इंची पाइपातून न्यायचं तर दर मीटरला तीन मीटरच्या आसपास हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब, खर्च होतं; त्यामुळे दहा मीटर लांबीतच तीन बार दाब संपतो. एक इंचात हाच तोटा मीटरला पाव मीटरवर येतो. तुमचं एकत्र युनिट आहे, म्हणून सव्वा इंची स्वतंत्र लाइन टाका. वाटेत व्हॉल्व्ह असेल तर तो उघड्या स्थितीत कुलूपबंद ठेवा, कारण दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा राहतो आणि ते अपघाताच्या वेळीच कळतं.

खात्री करायला शॉवर आणि आयवॉश एकदम चालू करा आणि शॉवरखाली मोठं पिंप धरा. 20 लिटर भरायला 16 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर प्रवाह कमी आहे. शॉवर उघडताच आयवॉशच्या धारा खाली बसत असतील तर दोष बहुधा पाइपाच्या मापात असतो.

कोमट म्हणजे 16 ते 38 अंश सेल्सिअस. त्याहून गार पाण्याखाली माणूस पंधरा मिनिटं उभाच राहत नाही. त्याहून गरम पाण्याने त्वचेवरच्या रसायनाची क्रिया वाढू शकते. साध्या इन्स्टंट गीझरचं हे काम नाही: 10 अंशांचं पाणी 25 वर न्यायला जवळपास 80 किलोवॅट लागतात. त्यापेक्षा 60 अंशांची साठवण टाकी घ्या. पंधरा मिनिटांच्या एकूण 1140 लिटरांपैकी 340 लिटर गरम पाणी लागतं, पण टाकीतलं सगळं पाणी शेवटपर्यंत गरम राहत नाही, म्हणून 500 लिटरची धरा. मिक्सिंग व्हॉल्व्ह इमर्जन्सी शॉवरसाठीच बनवलेला हवा. गार पाणी थांबलं तर तो गरम बंद करतो, आणि गरम थांबलं तरी गार पाणी पूर्ण प्रवाहाने सोडतो. नेहमीच्या बाथरूमच्या मिक्सरकडून ही दुसरी हमी मिळत नाही.

ड्रेनची सक्ती मानकात नाही, तरी माझं मत ठाम आहे: तो कराच. 20 चौरस मीटरच्या खोलीत 1140 लिटर साचले तर साडेपाच सेंटीमीटर पाणी होतं, आणि जमिनीलगतच्या सॉकेटचा धोका वेगळाच. शिवाय ड्रेन नसला की दर आठवड्याची चाचणी टाळली जाते. मग लाइनमधलं साचलेलं पाणी आणि गंज थेट डोळ्यात जातात. फ्लोअर ट्रॅपचं पाणीही याच चाचणीने भरलेलं राहतं, नाहीतर ते सुकून गटाराचा वास आत येतो. रसायन गटारात सोडायला मनाई असेल, तर ड्रेन किमान 1500 लिटरच्या वेगळ्या टाकीत घ्या आणि ती प्रत्येक वापरानंतर रिकामी करा.