चष्मा काढून पोहायला उतरताय? आधी हे वाचा

बडोद्यात पोहण्याची उन्हाळी बॅच सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो: तलावात डोळे का चुरचुरतात, आणि चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहलं तर चालेल का? डोळे चुरचुरतात ते निव्वळ क्लोरीनमुळे नाही. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून क्लोरामाइन बनतं, झोंबतं ते मुख्यतः तेच. म्हणून उतरण्याआधी अंघोळ करा (सगळ्यांनीच केली तर किती बरं!). अशी लाली बहुधा काही तासांत ओसरते.

गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर. गळणारा गॉगल पट्टा आवळून सुधारत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल मात्र स्पष्टच सांगतो: पाण्यात नकोच, वरून गॉगल असला तरी. अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सला चिकटून बुबुळापर्यंत पोचू शकतो, आणि त्याचं कवचधारी रूप तलावातल्या क्लोरीनला दाद देत नाही. नंबरचा गॉगल मिळतो, तो घ्या.

चुकून लेन्स घालून उतरलातच, तर हात धुऊन, कोरडे करून लगेच काढा. रोज नवी घालायची लेन्स असेल तर फेका. नळाच्या पाण्याने धुऊ नका. नंतर डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि लेन्स घालून पोहल्याचं आवर्जून सांगा.