आभारच मानायचेत, पण हात धजत नाही

“लिंक्डइनवर मी एक प्रश्न विचारला होता. एका अनोळखी, अनुभवी माणसाने नेमकं उत्तर दिलं आणि माझं काम झालं. आभार मानायचे आहेत, पण त्यांना वाटेल, हिला नोकरी हवी आहे किंवा सलगी करायची आहे. काय लिहू?”

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंग कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हंगामात पल्पचे डबे भरल्यावर थोड्याच दिवसांत फुगू लागले होते. त्या गृहस्थांनी लिहिलं, “पल्पला दोष देण्याआधी डब्याची शिवण कापून बघा.” शिवण, म्हणजे झाकण डब्याला दाबून जोडलेलं असतं ती कडा, सैल निघाली. डबा थंड होताना आत ओढ तयार होते आणि सैल शिवणीतून थंड करायचं पाणी जंतूंसकट आत जातं. शिवण घालणाऱ्या मशिनचा रोलर नीट लावून घेतला, आणि नंतरचे डबे फुगले नाहीत.

तिने केलेला मसुदा मी वाचला. सुरुवातीला “आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व”, मध्ये स्वतःचं शिक्षण, शेवटी “काही संधी असल्यास कळवावे”. तिला ज्या गैरसमजाची भीती होती, तो या शेवटच्या वाक्यानेच झाला असता. नोकरी हवी होती का, असं विचारलं. नाही म्हणाली, नुसते आभार कोरडे वाटतील म्हणून घातलं होतं. नुसते आभार पुरतात, हे मला तिला पटवायचं होतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांचा 2018 सालचा अभ्यास तिला सांगितला. त्यात आभाराची पत्रं लिहिणारे लोक शब्दांची चिंता करत होते, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं धरून चालले होते. वाचणाऱ्यांना प्रत्यक्षात तितकं अवघडलं नाही, आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला.

मग आम्ही मसुदा छाटला. ओळख नसताना जोडणीच्या विनंतीसोबत छोटी चिठ्ठीच जाते, त्यामुळे छाटणं सोपं झालं:

“नमस्कार सर. फुगलेल्या डब्यांबाबत तुम्ही ‘शिवण कापून बघा’ असं लिहिलं होतं. शिवण सैल निघाली. रोलर लावल्यावरचे डबे ठीक आहेत. मनापासून आभार. उत्तराची अपेक्षा नाही.”

त्यांचं कोणतं वाक्य उपयोगी पडलं आणि पुढे काय झालं, एवढं सांगितलं की सलगीला जागा उरत नाही. फोन नंबर द्यायचा नाही, आणि बोलणं खाजगीकडे वळलं तर जोडणी काढून टाकायची, हेही ठरवलं. प्रश्नाखाली सर्वांसमोर फक्त “उपयोग झाला, आभार” लिहायला सांगितलं. प्रोफाइलवर कारखान्याचं नाव दिसतं, तिथे डब्यांचा दोष उघड करणं तिला अडचणीचं झालं असतं.

बरेच दिवस काहीच आलं नाही. ती कासावीस झाली. पण अनेकजण लिंक्डइन क्वचितच उघडतात. पुढे त्यांचं उत्तर आलं: “कळवलंत, बरं वाटलं. शिवण रोज तपासता का?” तिने तपासणीचं वेळापत्रक लिहून पाठवलं.