एफआयआरचा सारांश आणि ‘कथित’ची गरज

प्रश्न : एफआयआर वाचून कोण, काय, कधी, कुठे असा पाच-सहा ओळींचा सारांश लिहायचा आहे. ‘अमक्याने दागिने चोरले’ लिहिलं की तो दोषी ठरल्यासारखं वाटतं. मग प्रत्येक ठिकाणी ‘कथित’ लावायचं का?

‘कथित’ शक्यतो नको. ‘कथित चोरी’ म्हटलं की आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, पण दागिने गेलेतच की नाहीत अशी शंकाही येते, म्हणजे फिर्यादी खोटी पडते. सारांश लिहिणाऱ्याने दोघांपैकी कुणाचाही न्याय करायचा नसतो. त्यापेक्षा कोणतं वाक्य कुणाचं आहे हे क्रियापदातून दाखवावं. मराठीत त्याची उत्तम सोय आहे.

नमुन्यासाठी एक मजकूर मी रचला आहे. घटना काल्पनिक, भाषा मात्र पोलीस ठाण्यातली:

‘दि. 3 मे रोजी सकाळी 11.00 वा. ते दि. 9 मे रोजी सायंकाळी 7.30 वा. चे दरम्यान माझे राहते घरातील कपाटात ठेवलेले 22 ग्रॅम वजनाचे सोन्याचे मंगळसूत्र व रोख रु. 15,000/- हे कोणीतरी चोरट्याने माझे संमतीशिवाय, स्वतःचे आर्थिक फायद्याकरिता, लबाडीचे इराद्याने चोरून नेले आहे. माझेकडे घरकाम करणारी महिला दि. 6 मे पासून कामावर आलेली नाही. तिचेवर माझा संशय आहे.’

गुन्हा 10 मे रोजी दुपारी 12.40 वाजता दाखल झाला आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 306 लावलं असं धरू.

यावरून घाईत लिहिलेला सारांश बहुधा असा होतो: ‘घरकाम करणाऱ्या महिलेने मालकिणीच्या विश्वासाचा गैरफायदा घेत 22 ग्रॅमचे मंगळसूत्र व 15 हजार रुपये लंपास केले. चोरीनंतर ती फरार आहे.’ फिर्यादीत यातलं जवळजवळ काहीच नाही. फिर्यादी बाईंनी कुणाला दागिने घेताना पाहिलेलं नाही. ‘कोणीतरी चोरट्याने’ हे त्यांचेच शब्द आहेत. ‘कामावर आलेली नाही’चं ‘फरार’ झालं, आणि ‘संशय आहे’ हे वाक्य तर गळूनच गेलं.

मूळ मजकुराचे मी तीन थर करतो. पहिला नोंदीचा: खबर कधी मिळाली, कोणत्या ठाण्यात, कोणतं कलम लागलं. हे ठामपणे लिहिता येतं. दुसरा, फिर्यादीने स्वतः पाहिलेलं: 3 तारखेला वस्तू कपाटात होती, 9 तारखेला नव्हती. तिसरा तिचा अंदाज: चोरी झाली आणि ती अमुक व्यक्तीने केली असावी. दुसऱ्या थराला ‘फिर्यादीत म्हटले आहे’ पुरतं. तिसऱ्याला ‘संशय व्यक्त केला आहे’ हेच लागतं. तिथे ‘म्हटले आहे’ घातलं तरी अंदाजाला साक्षीचं वजन येतं.

‘लबाडीचे इराद्याने’, ‘संमतीशिवाय’ ही शब्दावली कुठून येते तेही पाहा. चोरीच्या कायदेशीर व्याख्येतले हे घटक आहेत आणि फिर्याद लिहून घेणारा अंमलदार ते ठरावीक शब्दांत घालतो. इराद्याचं वर्णन कुणा साक्षीदाराने केलेलं नसतं, त्यामुळे सारांशात ते घेऊ नये. ‘चोरीची फिर्याद’ या दोन शब्दांत ते आलेलंच असतं.

खरी गफलत होते ती ‘उघड झाले’, ‘निष्पन्न झाले’, ‘समोर आले’, ‘कबूल केले’ या क्रियापदांनी. ‘तिने दागिने नेल्याचे समोर आले’ या वाक्यात लिहिणारा स्वतः ती गोष्ट खरी मानतो. ‘नेल्याचे फिर्यादीत म्हटले आहे’ यात मानत नाही. ‘नेल्याचे’ हे रूप दोन्हीकडे तेच, निवाडा शेवटच्या क्रियापदात आहे. ‘चोरी केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ यातही तोच दोष लपलेला आहे. ‘चोरीच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल’ लिहिलं की तो जातो. शिवाय मराठीत ‘गुन्हा’ म्हणजे केलेलं कृत्यही आणि ठाण्यातली नोंदही. ‘तिच्यावर गुन्हा आहे’ असं अर्धं वाक्य सोडू नये, ‘दाखल’ हा शब्द सोबत हवाच.

‘कधी’ या प्रश्नाला एफआयआरमध्ये दोन उत्तरं असतात: घटनेचा काळ आणि ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ. छापील नमुन्यात त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आहेत. आपल्या उदाहरणात घटनेचा काळ सहा दिवसांहून मोठा आहे. कुणी तो सोयीसाठी ‘5 मेच्या सुमारास’ असा आवळला, तर बाई कामावर येत होती नेमका तोच शेवटचा दिवस उरतो आणि तिचं नावही न घेता बोट तिच्याकडे जातं. म्हणून ‘पासून–पर्यंत’ दोन्ही टोकं जशीच्या तशी द्यावीत.

कलमाचंही असंच. 305 मध्ये राहत्या घरातली चोरी येते, 306 म्हणजे नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची केलेली चोरी. 306 लिहिलं की संशयित कोण हे कलमच सांगून टाकतं. आकडा बदलायचा आपल्याला अधिकार नाही. पण ते पोलिसांनी फिर्यादीवरून लावलेलं कलम आहे आणि तपासात कलमं वाढतात, कमी होतात, हे वाक्यातून कळायला हवं.

मी सारांश असा लिहीन:

‘राहत्या घरातील कपाटातून 22 ग्रॅमचे सोन्याचे मंगळसूत्र व रोख 15,000 रुपये चोरीस गेल्याची फिर्याद घरमालकिणीने 10 मे रोजी दुपारी 12.40 वाजता दिली. फिर्यादीनुसार घटना 3 मे सकाळी 11 ते 9 मे सायंकाळी 7.30 या दरम्यानची आहे. वस्तू नेताना कुणाला पाहिल्याचा उल्लेख फिर्यादीत नाही. घरकाम करणाऱ्या महिलेवर फिर्यादीने संशय व्यक्त केला असून ती 6 मेपासून कामावर आली नसल्याचे म्हटले आहे. पोलिसांनी या फिर्यादीवरून भा.न्या.सं. कलम 306 अन्वये गुन्हा नोंदवला आहे.’

संशयिताचा उल्लेख मी गाळलेला नाही. तो एफआयआरमध्ये आहे, त्यामुळे गाळणंही चुकीचंच. नाव मात्र कामासाठी लागत नसेल तर ‘संशयित’ एवढं पुरतं. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, तिथे कायद्याचीच बंदी आहे. गावाचं नाव आणि नातं एकत्र आलं तरी ओळख पटते.

सारांशावर ‘एफआयआरनुसार, दि. 10 मेपर्यंत’ असं अवश्य टाका. एफआयआर ही तपासाची सुरुवात आहे. न्यायालयातही ती स्वतंत्र पुरावा मानली जात नाही, देणाऱ्याच्याच साक्षीला दुजोरा द्यायला किंवा ती खोडायला वापरतात. पुढे दोषारोपपत्र जाऊ शकतं, नाहीतर समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी आणि हेतूने केलेली, ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. मंगळसूत्र उद्या दुसऱ्या कपाटात सापडलं तर प्रकरण ‘क’मध्ये जाईल. वरच्या सारांशातलं एकही वाक्य तेव्हा बदलावं लागणार नाही, ‘लंपास केले’वाल्याला मात्र माफी मागावी लागेल.