पाच बँड, सहा तुकडे: जेल वाचताना कुठे घसरलं

प्रश्न: एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, रत्नागिरीत. लॅम्बडा डीएनए इकोआरवनने कापून 0.8 टक्के अगारोजवर चालवला. मार्कर म्हणून लॅम्बडा हिंडथ्री डायजेस्ट. पुस्तकात सहा तुकडे आहेत, मला पाचच बँड दिसले. साइज आली 21, 7.3, 6.2, 5.8 आणि 5.1 किलोबेस, बेरीज 45.4. न कापलेला डीएनए साधारण 25 किलोबेसला दिसला. मी लिहिलं, ‘डायजेशन यशस्वी झाले, थोडी प्रायोगिक चूक आहे.’ मॅडमनी ‘हे रिझल्ट्स नाहीत’ असं लिहून जर्नल परत दिलं. फोटो आणि वेलपासूनची अंतरं जोडली आहेत. प्रयोग फसला की माझं वाचन? आणि आता लिहू काय?

उत्तर:

प्रयोग बरा झालाय. वाचन चुकलंय, आणि तेही तुझ्या डायजेस्टच्या लेनमध्ये नाही, मार्करच्या लेनमध्ये. मार्कर बरोबरच असणार असं आपण गृहीत धरतो आणि सगळं लक्ष सॅम्पलकडे देतो, म्हणून ही चूक सापडत नाही.

तू मार्करमध्ये पाच बँड धरलेस: 17, 25, 30, 46 आणि 48 मिलिमीटरवर. त्यांना वरून ओळीने 23130, 9416, 6557, 4361 आणि 2322 अशी नावं दिलीस. आता ग्राफ जरा निरखून बघ. लॉग स्केलवर 6557 ते 4361 हे अंतर 4361 ते 2322 या अंतरापेक्षा कमी आहे. तुझ्या जेलवर मात्र पहिल्यासाठी 16 मिलिमीटर आणि दुसऱ्यासाठी फक्त 2 मिलिमीटर. रेषा मध्येच अशी कड्यावरून पडल्यासारखी खाली जात असेल, तर डीएनए नव्हे, नावं चुकली आहेत.

तुझा फोटो मोठा करून, काँट्रास्ट वाढवून बघितला. मार्करच्या लेनमध्ये 36 मिलिमीटरवर एक पुसट बँड आहे. तोच खरा 4361. खाली 46 आणि 48 वर चिकटून बसलेली जोडी म्हणजे 2322 आणि 2027. ही खूण लक्षात ठेव: हिंडथ्री मार्करमध्ये तळाशी जवळजवळ असलेली जोडी आधी शोधायची आणि तिथून वर मोजत जायचं. वरून मोजलं की मधला एखादा पुसट बँड निसटतो आणि त्याच्या खालची सगळी नावं एका पायरीने सरकतात.

तो पुसट का, हे कळलं तर तुझ्या डायजेस्टचंही अर्धं कोडं सुटतं. लॅम्बडाचा डीएनए 48502 बेसपेअर लांब, सरळ रेषेतला. त्याच्या दोन्ही टोकांना 12 बेसचे एकेरी धागे सुटे असतात आणि ते एकमेकांना पूरक असतात. हिंडथ्रीने कापल्यावर डाव्या टोकाचा तुकडा 23130 चा आणि उजव्या टोकाचा 4361 चा. ही दोन टोकं ट्यूबमध्ये पुन्हा जुळतात, मग 4361 मधला बराचसा माल वरच्या मोठ्या बँडबरोबरच अडकून राहतो आणि त्याच्या जागी फिकट रेघ उरते. म्हणून मार्कर लोड करण्याआधी 65 अंशांवर पाच-दहा मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवतात. घाईत ही पायरी सगळेच गाळतात. मी विद्यार्थी असताना सहा महिने गाळली होती आणि मार्करची कंपनी वाईट म्हणून सगळ्यांना सांगत फिरले होते.

तुझ्या इकोआरवनच्या लेनमध्येही हेच आहे. तिथे टोकांचे तुकडे 21226 आणि 3530. सगळ्यात खालचा बँड अपेक्षेपेक्षा फिका दिसतोय तो त्यामुळेच.

आता नावं दुरुस्त करून पुन्हा मोजू. तुझे बँड 18, 28.5, 32, 34.5 आणि 39.5 मिलिमीटरवर आहेत. 32 चा बँड घे. तो 6557 (30 मिमी) आणि 4361 (36 मिमी) यांच्या मध्ये येतो. या दोघांचे लॉग 3.817 आणि 3.640, म्हणजे 6 मिलिमीटरमध्ये 0.177 ची घट, दर मिलिमीटरला 0.0295. आपला बँड 30 च्या 2 मिलिमीटर पुढे आहे, म्हणून 3.817 मधून 0.059 वजा केले की उरले 3.758. त्याचा अँटिलॉग सुमारे 5.7 किलोबेस. याच पद्धतीने 28.5 ला 7.3, 34.5 ला 4.8 आणि 39.5 ला 3.5 येतात. 7.3 तसाच राहिला, कारण त्याच्या आजूबाजूचे दोन मार्कर तू बरोबर ओळखले होतेस.

नवी बेरीज कर: 21, 7.3, 5.7, 4.8, 3.5. झाली 42.3. म्हणजे वाचन सुधारलं आणि बेरीज आणखी बिघडली! तुझी चुकीची 45.4 ही खऱ्या 48.5 च्या जवळ होती, म्हणूनच ‘थोडी प्रायोगिक चूक’ म्हणून ती खपून गेली. आता कमी पडतात 6.2 किलोबेस, आणि ते कुठे गेले हे शोधायला उजेड बघावा लागतो.

डायजेशन पूर्ण झालं असेल तर प्रत्येक तुकड्याचे रेणू सारख्याच संख्येने असतात. पण रंग बसतो तो वजनाच्या प्रमाणात. शंभर फणस, शंभर नारळ आणि शंभर सुपाऱ्या वेगवेगळ्या ढिगांत ठेवल्या तर मोजणी सारखी, वजन नाही. म्हणून लेनमध्ये वरून खाली जाताना प्रत्येक बँड आधीच्यापेक्षा थोडा फिका व्हायला हवा. तुझ्या लेनमध्ये 5.7 चा बँड त्याच्या वरच्या 7.3 पेक्षा स्पष्टपणे उजळ आहे. एकटा तुकडा असता तर हे शक्य नव्हतं. तिथे दोन तुकडे आहेत, 5804 आणि 5643. दोघांचं मिळून वजन 11447, म्हणजे 7421 च्या साधारण दीडपट, आणि फोटोत तसंच दिसतं. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून संध्याकाळी लांबच्या दोन होड्यांचा एकच दिवा दिसावा, तसा प्रकार.

ते वेगळे का झाले नाहीत? दोघांच्या लांबीत 161 बेसपेअरचा फरक, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. तुझ्या जेलच्या उताराने तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो, आणि तुझे बँडच एक मिलिमीटरहून जाड आहेत. वेगळे बघायचे असतील तर लांब ट्रे, 0.7 टक्के जेल, कमी व्होल्टेज आणि जास्त वेळ. पावसाळ्यात मात्र मध्येच वीज गेली तर बँड आणखी पसरतील, तेव्हा इन्व्हर्टर बघूनच सुरू कर. 5.7 दोनदा धरलं तर बेरीज 48.0 होते. त्यावर फार खूश होऊ नकोस, का ते पुढच्याच परिच्छेदात आहे.

न कापलेला डीएनए 25 किलोबेसला आहे हे वाक्य काढून टाक. साध्या अगारोज जेलवर साधारण 20 किलोबेसच्या पुढचे तुकडे जवळजवळ एकाच वेगाने सरकतात. 48.5 चा रेणू आणि 23 चा तुकडा तिथे शेजारी शेजारीच येतात. तुझ्याच मार्करमध्ये बघ: 23130 ते 9416 मधला उतार दर मिलिमीटरला जवळजवळ 0.049 आहे, खाली तो 0.03 च्या आसपास. म्हणजे ग्राफ वरच्या बाजूला सरळ राहिलेला नाही. म्हणून तुझ्या पहिल्या बँडचं ‘21’ हेही मोजमाप म्हणून लिहायचं नाही. ‘20 किलोबेसच्या आसपास किंवा अधिक, मोजण्याच्या पट्ट्याबाहेर’ असं लिही. बेरजेतली हजार-दोन हजारांची चूक एकट्या त्या बँडमधूनच येऊ शकते.

मार्करच्या यादीतले 564 आणि 125 दिसले नाहीत, ते नॉर्मल आहे. तू 500 नॅनोग्रॅम लोड केलास म्हणतेस. त्यातला 564 चा वाटा सहा नॅनोग्रॅमच्या आत, 125 चा जेमतेम सव्वा नॅनोग्रॅम. इथिडियमला इतकं कमी जमत नाही, त्यात लहान तुकडे पसरतातही लवकर.

आता लिहिण्याबद्दल. मॅडमचा शेरा कडक असला तरी रास्त आहे. ‘डायजेशन यशस्वी झाले’ हा निष्कर्ष आहे, दिसलेली गोष्ट नाही. रिझल्ट्समध्ये जे जेलवर आहे आणि त्यावरून जे मोजलं तेवढंच. ‘डबलेट’ हा शब्द डिस्कशनमध्ये जाईल, कारण दोन तुकडे आहेत हे तू पाहिलेलं नाहीस. उजेड आणि माहीत असलेला क्रम यांवरून ताडलं आहेस. उजेडातला फरक मात्र दिसलेला आहे, तो रिझल्ट्समध्ये यायलाच हवा. नाहीतर डिस्कशन हवेत लोंबकळेल.

मी असं लिहिलं असतं. तुझ्या इंग्रजीत बसव, उचलून चिकटवू नकोस:

‘लेन 2 मध्ये न कापलेल्या डीएनएचा एकच बँड मार्करच्या सर्वांत मोठ्या तुकड्याच्या जवळ दिसला, त्याचा आकार या जेलवर ठरवता आला नाही. लेन 3 मध्ये पाच बँड दिसले. पहिला मोजण्याच्या पट्ट्याबाहेर (सुमारे 20 किलोबेस किंवा अधिक) होता. उरलेल्यांचे अंदाजित आकार 7.3, 5.7, 4.8 आणि 3.5 किलोबेस आले (आकृती 1, तक्ता 1). 5.7 किलोबेसचा बँड त्याच्या वरील 7.3 किलोबेसच्या बँडपेक्षा उजळ होता, तर 3.5 किलोबेसचा बँड अपेक्षेपेक्षा फिका होता. न कापलेल्या डीएनएच्या जागी लेन 3 मध्ये वेगळा बँड दिसला नाही.’

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी फोटो पुन्हा बघ. 21 आणि 48.5 इतके जवळ येतात की थोडा न कापलेला डीएनए पहिल्या बँडच्या वरच्या कडेला लपू शकतो, आणि पुन्हा जुळलेली टोकंही तिथेच येऊन बसतात. तशी शंका आली तर ‘वेगळा बँड ओळखता आला नाही’ असं लिही.

आकार दोनच अंकांत दे. तुझ्या तक्त्यात 5728 बेसपेअर असा आकडा आहे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की तो दोनशेने बदलतो, मग शेवटच्या 28 ला काय अर्थ? पुस्तकातले 5804 आणि 5643 शेजारच्या रकान्यात दे, पण वर स्पष्ट लिही की ते ज्ञात क्रमावरचे आहेत. नाहीतर तूच मोजलेत असं वाटेल.

आकृतीखाली लेनवार काय भरलं, किती नॅनोग्रॅम, जेलची टक्केवारी, व्होल्टेज, वेळ आणि रंग द्यायचा. मार्करच्या बँडवर आकडे फोटोतच घाल, 36 मिलिमीटरवरच्या पुसट बँडलाही बाण लावून. काँट्रास्ट वाढवायचा तर पूर्ण फोटोचा सारखा वाढव आणि तसं खाली नोंदव. फक्त एका लेनचा वाढवलेला फोटो कोणी मान्य करणार नाही. उरलेलं डायजेस्ट फ्रीजरमध्ये असेल तर मार्करसकट 65 अंशांवर तापवून एकदा पुन्हा चालव. 4361 आणि 3530 दोन्ही उजळले, तर टोकं जुळल्याचा मुद्दा डिस्कशनमध्ये ‘असावे’ न म्हणता लिहिता येईल.