देवनागरी पाटी आणि कोका-कोला: फोटो भारतातलाच असेल का?

प्रश्न: आजोबांच्या पेटीत रस्त्याचा एक रंगीत फोटो मिळाला. पाट्या देवनागरीत आहेत आणि दुकानावर कोका-कोलाची जाहिरात आहे. म्हणजे फोटो भारतातला आणि १९७७ च्या आधीचा, असे धरू का?

उत्तर: नका धरू. नेमक्या याच तर्काने मी वडिलांच्या एका फोटोखाली ‘उत्तर भारत, अंदाजे १९७५’ असे लिहून तो कोल्हापुरातल्या एका प्रदर्शनासाठी दिला होता.

कोका-कोला १९७७ मध्ये भारत सोडून गेले आणि १९९३ मध्ये परतले, एवढे मला ठाऊक होते. देवनागरी म्हणजे भारत, हे मात्र मी न तपासता गृहीत धरले. नेपाळीही देवनागरीतच लिहितात आणि काठमांडूत १९७९ पासून कोका-कोला बाटलीबंद होत होते. म्हणजे भारतातून हे पेय गायब झाले होते, त्या काळातही शेजारच्या देशात त्याच लिपीतल्या पाट्यांशेजारी त्याची जाहिरात दिसू शकत होती.

फोटो मोठा करून स्कॅन केल्यावर जाहिरातीखालच्या बारीक ओळीत ‘पाइन्छ’ हा शब्द दिसला. आपल्याकडे ‘येथे मिळेल’ लिहितात, हिंदीत ‘यहाँ मिलता है’, तर नेपाळीत ‘यहाँ पाइन्छ’. शेजारच्या दुकानाच्या नावापुढे ‘पसल’, म्हणजे दुकान, असे लिहिलेले होते. मग आईला विचारले, तेव्हा वडील १९८४ मध्ये पशुपतिनाथाला गेल्याचे कळले. म्हणून आधी जाहिरातीचे ठळक नाव सोडून बारीक अक्षरे वाचा. ब्रँडचे नाव देशोदेशी तेच असते, क्रियापदे मात्र तिथल्या भाषेची असतात. ‘ळ’ दिसला तर नेपाळी आणि हिंदी जवळपास बाद होतात, पण तो नसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

चूक कळताच मी आयोजकांना लेखी कळवले. ‘नोंदवही बंद झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि चुकीची ओळ प्रदर्शन संपेपर्यंत तशीच राहिली. माझ्या वडिलांच्या यात्रेचा फोटो दुसऱ्याच देशाच्या नावाने लोकांनी पाहिला, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून खात्री होईपर्यंत फोटोखाली पेन्सिलीनेच लिहा.

काळाविषयीही एक सावधगिरी बाळगा. जाहिरात काळाची खालची मर्यादा सांगते, वरची क्वचितच, कारण पत्र्याची पाटी किंवा रंगवलेली भिंत माल बंद झाल्यावरही वर्षानुवर्षे राहते. म्हणून भारतातला फोटो असला तरी फिकट कोका-कोला दिसल्याने तो १९७७ पूर्वीचा ठरत नाही. उलट त्याच चौकटीत थम्स अप असेल, तर तो १९७७ च्या आधीचा असणे शक्य नाही, कारण ते पेयच त्या वर्षी बाजारात आले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण तुमच्या फोटोत जाहिरातीखाली नेमकी कोणती अक्षरे आहेत ते लिहून कळवा.